कामाचे वर्णन : बल्क मिल्क कूलर ऑपरेटर, दूध संकलन व शीतकरण केंद्र

पदे : 2 (कायम)
ठिकाण : संस्थेचे संकलन केंद्र, तालुका संगमनेर, जिल्हा अहिल्यानगर
पगार : दरमहा 18,500 रुपये, प्रशिक्षण व सहा महिने पूर्ण झाल्यावर 19,500. पीएफ व ईएसआय वेगळे. दोन्ही पदांचा पगार सारखाच राहील, नेमणूक कोणाचीही झाली तरी.

हे पद कशासाठी

केंद्रावर रोज सुमारे 1,900 लिटर गाईचे दूध येते : सकाळी 1,100, संध्याकाळी 800. गोठ्यातून आलेले दूध साधारण 35 अंशांचे असते आणि ते तसेच राहिले तर काही तासांत आंबायला लागते. ते 3,000 लिटरच्या कूलरमध्ये 4 अंशांपर्यंत उतरवून टँकर येईपर्यंत टिकवणे, आणि प्रत्येक सभासदाच्या दुधाचे फॅट-एसएनएफ खरे नोंदवणे, यासाठी हे पद आहे. सभासदाच्या घरी दर दहा दिवसांनी येणारा पैसा याच नोंदीवर ठरतो.

कामाची वेळ

सकाळपाळी 5.30 ते 1.30, दुपारपाळी 1.30 ते 9.30. दर आठवड्याला पाळी बदलते. अर्धा तास जेवणाची सुट्टी, आठवड्याला एक दिवस सुट्टी. गाई सणाच्या दिवशीही दूध देतात, म्हणून दिवाळी-पोळ्यालाही केंद्र चालू असते. त्या दिवशी काम केल्यास बदली सुट्टी मिळते. टँकरला उशीर झाला तर थांबावे लागते, त्या जादा तासांचा मोबदला दुप्पट दराने दिला जातो.

दूध स्वीकारताना

कॅन उघडल्यावर आधी वास व रंग पाहायचा, मग प्लंजरने दूध ढवळून नमुना घ्यायचा. न ढवळता वरून घेतलेल्या नमुन्यात साय येते, फॅट जास्त दिसते आणि नुकसान संस्थेचे होते. तळातून घेतला तर सभासदाचे. शंका आली की परीक्षानळीत 5 मिलि दूध उकळत्या पाण्यात 5 मिनिटे धरायचे. दूध फुटले तर ते कूलरमध्ये जाणार नाही. असा एक कॅन आत गेला तर संपूर्ण टाकी नासू शकते.

मिल्क अ‍ॅनालायझरवर नमुना लावण्यापूर्वी फेस बसू द्यायचा. नुकत्याच काढलेल्या दुधात हवेचे बुडबुडे असतात आणि त्यामुळे रीडिंग चुकते. रांग लांब असली तरी ही पायरी गाळायची नाही. वजन किलोत होते आणि दर लिटरवर असतो. 1 लिटर दूध सुमारे 1.03 किलो भरते. हा हिशेब सॉफ्टवेअर करते, पण वीज गेल्यावर हाताने करता आला पाहिजे. छापलेल्या पावतीवर पेनने दुरुस्ती करायची नाही. चुकीची नोंद रद्द करून नवी करायची आणि रद्द नोंदीवर व्यवस्थापकांची सही घ्यायची.

उपचार सुरू असलेल्या गाईचे दूध औषधाची ठरलेली मुदत संपेपर्यंत घेतले जात नाही. हे सभासदाला समजावून सांगणेही कामात येते, आणि ते सौम्यपणे सांगावे लागते. त्याचे त्या दिवशीचे दूध वाया गेलेले असते.

अ‍ॅनालायझरची पडताळणी

रोज दुपारी तीन नमुने गर्बर पद्धतीने तपासायचे : ब्युटिरोमीटरमध्ये 10 मिलि गंधकाम्ल, त्यावर हळूच 10.75 मिलि दूध, मग 1 मिलि अमाइल अल्कोहोल. बूच लावून हलवणे, सेंट्रिफ्यूजमध्ये 5 मिनिटे, 65 अंशांच्या पाण्यात ठेवून वाचन. दोन्ही यंत्रांच्या फॅटमध्ये 0.1 पेक्षा जास्त फरक आला तर पुढचे संकलन सुरू होण्याआधी अ‍ॅनालायझर पुन्हा जुळवायचा. हे काम चष्मा, हातमोजे व एप्रनशिवाय करायचे नाही. तिन्ही वस्तू संस्था देते.

कूलर, टँकर, धुलाई

संकलन सुरू असताना दर 15 मिनिटांनी टाकीचे तापमान लिहायचे. रात्रीच्या थंड दुधात सकाळचे कोमट दूध पडते तेव्हा मिश्रण 10 अंशांच्या वर जाऊ द्यायचे नाही. तसे होऊ लागले तर ओतण्याचा वेग कमी करायचा. तापमान उतरायला रोजच्यापेक्षा जास्त वेळ लागत असेल तर बहुतेक वेळा कंडेन्सरच्या जाळीत धूळ-कडबा अडकलेला असतो, म्हणून जाळी दर आठवड्याला साफ करायची. गॅस व वायरिंगचे काम मेकॅनिकचे आहे, ऑपरेटरने ते उघडायचे नाही. जनरेटर रोज 10 मिनिटे चालवून पाहायचा.

टँकर भरण्यापूर्वी अ‍ॅजिटेटर किमान 5 मिनिटे चालवायचा, ते बंद करून दूध स्थिर झाल्यावर डिपस्टिक वाचायची, आणि नमुन्याच्या दोन सीलबंद बाटल्या करायच्या : एक टँकरबरोबर, एक केंद्रावर.

टाकी रिकामी होताच धुवायची. पहिले पाणी साधे किंवा कोमट. सुरुवातीलाच कडकडीत गरम पाणी मारले तर दुधातील प्रथिने स्टीलला चिकटतात. नंतर कॉस्टिकचे गरम द्रावण, पुन्हा स्वच्छ पाणी. आठवड्यातून एकदा आम्लाची धुलाई, नाहीतर पांढरट दूधखडा साठतो. आउटलेट व्हॉल्व्ह आणि रबरी गॅस्केट रोज सोडवून हाताने घासायचे. टँकरमधील दुधाचा जंतूंचा अहवाल खराब आला की आधी हीच जागा तपासावी.

कोणाला उत्तरदायी

रोजच्या कामासाठी केंद्र व्यवस्थापकांना. दूध स्वीकारणे-नाकारणे आणि चाचण्यांबाबत दूध संघाच्या गुणवत्ता अधिकाऱ्यांना थेट कळवता येते, त्यासाठी व्यवस्थापकांची परवानगी लागत नाही. सकाळपाळीत एक मदतनीस ऑपरेटरच्या सूचनेनुसार काम करतो. त्याची हजेरी व रजा व्यवस्थापक पाहतात. चाचणीत नाकारलेले दूध घेण्यास संचालक किंवा अन्य कोणीही तोंडी सांगितले तरी ऑपरेटरने ते घ्यायचे नाही, आणि त्याबद्दल ऑपरेटरवर कारवाई होणार नाही. सभासदाने रीडिंगला हरकत घेतली तर त्याच नमुन्याची त्याच्यासमोर गर्बर चाचणी करून निकाल नोंदवहीत लिहायचा.

पात्रता

आवश्यक : वय 18 पूर्ण. मराठी वाचता-लिहिता येणे. दशांशाची बेरीज, गुणाकार व सरासरी काढता येणे (निवडीच्या दिवशी 20 मिनिटांची लेखी चाचणी, कॅल्क्युलेटर चालेल). सभासदांशी शांतपणे बोलता येणे.

असल्यास चांगले : डेअरीचा किंवा रेफ्रिजरेशनचा आयटीआय वा पदविका, अथवा संकलन केंद्रावरचा अनुभव. यातले काहीच नसले तरी अर्ज करावा. निवड झालेल्यांना तीन आठवड्यांचे पगारी प्रशिक्षण दिले जाते, आणि वरची सर्व कामे त्यात शिकवली जातात. पदवी, इंग्रजी, स्वतःची मोटारसायकल किंवा सभासदाची शिफारस मागितलेली नाही, कारण या कामाला त्यांची गरज पडत नाही.

काम बहुतांशी उभ्याने आणि ओल्या फरशीवर होते. भरलेला 40 लिटरचा कॅन 40 किलोच्या वर जातो. तो उचलणे ही अट नाही, ट्रॉली व कॅन ओतण्याचे स्टँड केंद्रावर आहे. भेसळीच्या काही चाचण्यांत रंग ओळखावा लागतो. रंगांधळेपणा असल्यास तेवढे वाचन मदतनीस किंवा व्यवस्थापक करतील. दिव्यांग उमेदवारांनी लागणारी सोय अर्जात किंवा नंतर सांगावी.

स्त्री, पुरुष, तृतीयपंथी सर्वांना अर्ज करता येईल. जात, धर्म, वैवाहिक स्थिती, मुलेबाळे यांची माहिती अर्जात विचारलेली नाही, मुलाखतीतही विचारली जाणार नाही. रात्री 9.30 ला सुटणाऱ्यांना मागितल्यास संस्थेच्या गाडीने घरी सोडले जाते. अन्न हाताळणाऱ्यांसाठीची वार्षिक वैद्यकीय तपासणी निवडीनंतर होते, खर्च संस्थेचा.

अर्ज

साध्या कागदावर नाव, पत्ता, फोन, शिक्षण आणि असल्यास अनुभव लिहून 20 फेब्रुवारी 2026 पर्यंत केंद्राच्या कार्यालयात सकाळी 10 ते 1 या वेळेत द्यावा, पोच मिळेल. अर्जाला शुल्क नाही. लेखी चाचणी व मुलाखत 25 फेब्रुवारीला केंद्रावरच होईल. मूळ प्रमाणपत्रे फक्त पाहून त्याच दिवशी परत दिली जातील. निवड न झालेल्यांनाही 2 मार्चपर्यंत फोनने कळवले जाईल.