साखरपुड्याच्या भोजनप्रसंगी वरपित्याचे स्वागतपर मनोगत

आदरणीय आजी, व्याही, विहीणबाई, शहाद्याहून आलेले सर्व पाहुणे, आमचे भाऊबंद आणि मित्रमंडळी,

ऋतुजा आणि तेजस यांचा साखरपुडा दुपारी आपणां सर्वांच्या साक्षीने पार पडला. आता पंगत बसण्यापूर्वी, आमच्या संपूर्ण कुटुंबाच्या वतीने मी आपले अमळनेरमध्ये मनःपूर्वक स्वागत करतो. मार्गशीर्षातल्या थंडीत पहाटे उठून, लेकराबाळांना आणि वयोवृद्ध आजींना सांभाळत, सारंगखेड्याच्या पुलावरून तापी ओलांडून आपण वेळेवर पोहोचलात, याचे आम्हांला मोठे अप्रूप आहे. खरे पाहता आमच्याकडे साखरपुड्याचा मान मुलीच्या घरचा. तरीही लग्नाचा मांडव आपल्या दारी पडणार असल्याने आजचे जेवण आमच्याकडे व्हावे, अशी विनंती मी केली आणि व्याह्यांनी ती एका शब्दात मान्य केली, त्याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे.

आम्ही पहिल्यांदा आपल्या घरी आलो तो दिवस मला आज सांगितलाच पाहिजे. वैशाखाचे ऊन होते आणि गल्ली चुकू नये म्हणून व्याही स्वतः डोक्याला उपरणे गुंडाळून फाट्यावर येऊन उभे होते. घरात पाऊल ठेवले तेव्हा विहीणबाई चुलीपुढे मांडे करीत होत्या. पुरण भरलेला उंडा दोन्ही हातांवर झेलत झेलत त्यांनी कोपरापर्यंत पसरवला आणि पालथ्या खापरावर असा अलगद टाकला की त्याला कोठे चीर गेली नाही. मी पाहुणा असूनही स्वयंपाकघराच्या दारातून हललो नाही, याबद्दल सौभाग्यवतींनी परतीच्या वाटेवर माझी चांगलीच कानउघाडणी केली.

मात्र माझ्या मनात घर करून राहिले ते वेगळेच. पहिला मांडा खापरावरून उतरला, तेव्हा आम्ही पाहुणे पाटांवर बसलेलो होतो. ऋतुजाने तो आम्हांला न वाढता कोमट दुधात कुस्करला आणि आधी आजींना नेऊन दिला. आजींनी तेजसकडे पाहून विचारले, “तू काय करस रे भाऊ?” नाशिकला कारखान्यात अभियंता आहे, हे त्याने आदबीने सांगितले, पण अहिराणीतून उत्तर देताना त्याची जी तारांबळ उडाली, तिच्यावर आजी अजून हसतात. घरी परतताना आम्हां दोघांत फारशी चर्चा झाली नाही. ज्या घरात पाहुण्यांच्या आधी म्हातारीचे ताट वाढले जाते, त्या घरची लेक आपल्या घरी यावी, एवढेच आम्ही एकमेकांना म्हणालो.

माझी सारी नोकरी जिनिंगमध्ये कापसाचे वजन आणि पैसे यांचा हिशेब लिहिण्यात गेली. त्यामुळे मध्यस्थांनी देण्याघेण्याची यादी काढण्याचा विषय काढला, तेव्हा मीच त्यांना थांबवले. या सोयरिकीत आमच्या वहीचे ते पान कोरे आहे आणि कोरेच राहील, हे मी सर्व भाऊबंदांसमोर पुन्हा एकदा सांगून ठेवतो. मानपानात आमच्याकडून काही उणे राहिले, तर व्याह्यांनी मनात न ठेवता मला हक्काने बोलावे.

विहीणबाई, दुपारी ओटी भरताना तुमचे डोळे भरून आलेले मी पाहिले. ऋतुजाने औषधनिर्माणशास्त्राची पदवी कष्टाने मिळवली आहे. लग्नानंतर नाशिकला तिने नोकरी करावी की स्वतःचे दुकान थाटावे, हे तिने आणि तेजसने ठरवायचे आहे, आम्ही पाठीशी उभे राहू. आणखी एक शब्द देतो. आखाजीला लेक माहेरी येते, ही आपल्या खान्देशाची रीत आहे. तुमच्या अंगणातल्या निंबाला झोका बांधून ठेवा. मुराळी येण्याची वाट न पाहता मी स्वतः तिला शहाद्याला आणून सोडीन, आणि त्या निमित्ताने मलाही मांडे मिळतील, हा स्वार्थ मी लपवीत नाही.

तेजस, आजपासून शहाद्याचे घरही तुझेच आहे. आजी पुढच्या वेळी काही विचारतील, तेव्हा अहिराणीतच उत्तर दे.

आता अधिक वेळ घेत नाही, कारण मागच्या अंगणातून भरताचा वास येऊ लागला आहे. हिरवी वांगी सकाळीच मळ्यातून आली असून, ती कपाशीच्या काड्यांवर भाजून कांद्याच्या पातीसह फोडणीला घातली आहेत. सोबत कळण्याची भाकरी, पुऱ्या, वरण-बट्टी आणि गंगाफळाची भाजी आहे. आजींसाठी कमी तिखटाचे भरीत वेगळे काढले असून त्यांचे ताट आधी वाढले आहे. व्याही, आपण माझ्या शेजारच्या पाटावर बसावे. सर्वांनी सावकाश, पोटभर जेवावे.