प्रयोग : बीमचे डिफ्लेक्शन – चार छेदांची सूत्राशी तुलना

वर्ग : यंत्र अभियांत्रिकी पदविका, द्वितीय वर्ष. ठिकाण : प्रयोगशाळा, दारव्हा तालुका, जि. यवतमाळ

उद्देश : दोन्ही टोकांना टेकलेल्या माइल्ड स्टीलच्या बीमवर मधोमध वजन टांगून तो किती वाकतो हे डायल गेजने मोजणे आणि सूत्राने येणाऱ्या उत्तराशी ताडून पाहणे. आमच्या भागात गोठ्याच्या पत्र्याखाली लोखंडी पट्टी बहुतेक आडवीच वेल्ड केलेली दिसते. म्हणून एकच पट्टी आडवी आणि उभी, अशी दोन्ही प्रकारे तपासली.

साहित्य : २५ × ६ मिमी पट्टी, १२ मिमी चौकोनी सळई, १४ मिमी गोल सळई, दोन धारदार टेकू, हुक, १ किलोची शिक्क्याची वजने, मॅग्नेटिक स्टँडसह डायल गेज (लघुतम माप ०.०१ मिमी), व्हर्नियर. तिन्ही नग तालुक्याच्या हार्डवेअर दुकानातून आणले. त्यांचे छेदाचे क्षेत्रफळ जवळपास सारखे, म्हणजे मीटरमागे वजन सव्वा किलोच्या आतच. लोखंड तेवढेच, फरक फक्त आकाराचा, हे मुद्दाम ठरवले होते.

सूत्र : δ = WL³ / 48EI

आयताला I = bd³/12, गोल छेदाला I = πd⁴/64. L = ६०० मिमी, E = २,००,००० N/mm² धरले.

कृती : हुक अडकवल्यावरच गेज शून्यावर आणला. त्यामुळे बीमचे स्वतःचे वजन आणि हुकाचे वजन हिशेबात येत नाही. पंखा बंद ठेवावा लागला, नाहीतर काटा थरथरतो. १ किलोने ५ किलोपर्यंत चढवत आणि तसेच उतरवत वाचने घेऊन सरासरी काढली. आडव्या पट्टीची वाचने ०.५६, १.११, १.६८, २.२३, २.७९ मिमी अशी आली. आलेख सरळ रेषेत आहे आणि वजने काढल्यावर काटा शून्यावर परतला. ५ किलोला पट्टीतला ताण जेमतेम ५३ N/mm² असतो, म्हणून कायमचा वाक येण्याची भीती नव्हती.

निरीक्षणे (W = ५ किलो = ४९.०५ N)

| छेद | मोजलेले माप (मिमी) | I (मिमी⁴) | सूत्राने δ (मिमी) | गेजवर (मिमी) | टेकूचा दाब वजा करून (मिमी) |
|---|---|---|---|---|---|
| पट्टी आडवी | २४.९ × ५.८ | ४०४.९ | २.७३ | २.७९ | २.७६ |
| चौकोनी | ११.९ | १६७१ | ०.६६ | ०.७० | ०.६७ |
| गोल | १३.९ | १८३२ | ०.६० | ०.६४ | ०.६१ |
| पट्टी उभी | ५.८ × २४.९ | ७४६२ | ०.१४८ | ०.१८ | ०.१५ |

चर्चा : दुकानदाराने सांगितलेली ६ मिमी जाडी सूत्रात घातली तर आडव्या पट्टीला २.४५ मिमी उत्तर येते आणि गेजवरचे वाचन त्याहून जवळपास १४ टक्के जास्त दिसते. व्हर्नियरने जाडी ५.८ मिमी निघाली. दोन दशांश मिमीचा हा फरक d³ मधून जातो आणि डिफ्लेक्शन १० टक्क्यांहून अधिक वाढवतो. रुंदीत तेवढाच फरक असता तर एक टक्काही पडला नसता. म्हणून या प्रयोगात सगळ्यात काळजीने मोजायची गोष्ट म्हणजे जाडी, आणि तीही तीन-चार ठिकाणी.

उभ्या पट्टीने वेगळाच प्रश्न उभा केला. तिचे वाचन सूत्रापेक्षा २० टक्क्यांहून जास्त होते, बाकीच्यांचे मात्र दोन ते सात टक्के. शंका आल्यावर गेज टेकूंच्या वर लावून पाहिला, तर ५ किलोला टेकू आणि लाकडी टेबल मिळून ०.०३ मिमी दबत होते. आडव्या पट्टीच्या २.७९ मध्ये हा दाब हरवून जातो, ०.१८ मध्ये तो सहावा हिस्सा होतो. तो वजा केल्यावर चारही छेद सूत्राच्या एक-दीड टक्क्यात आले. सगळे थोडे वरच्याच बाजूला आहेत. दोन टेकूंमधले अंतर दोन-तीन मिमी जास्त असले तरी L³ मुळे एवढा फरक पडू शकतो, किंवा या लोखंडाचा E खरोखरच १९७ हजाराच्या आसपास असेल.

एकच पट्टी उभी केल्याने वाक २.७६ वरून ०.१५ मिमीवर येतो, म्हणजे सुमारे अठरा पट कमी. सूत्रानेही (२४.९/५.८)² = १८.४ येते. उभी पट्टी बाजूला कलते, म्हणून टेकूंवर दोन्ही बाजूंनी आधार द्यावा लागला. गोठ्यातही तशीच बसवायची तर मध्ये आडवे तुकडे जोडावे लागतील.

०.१५ मिमीवर गेजचा एक भाग म्हणजे साडेसहा टक्के. म्हणून उभ्या पट्टीवर १० किलो टांगून पुन्हा वाचन घेतले : गेजवर ०.३६, टेकूचा दाब ०.०६, निव्वळ ०.३० मिमी. सूत्राने ०.२९६.