स्नेहसंमेलनाच्या क्रीडादिनी पाहुण्यांचं स्वागत आणि ओळख

हॅलो... मागं ऐकू येतंय का? ए आठवी ब, बाटल्या वाजवायच्या नंतर, आत्ता नको. बसा खाली.

मंडळी नमस्कार. व्यासपीठावरचे संस्थेचे सगळे पदाधिकारी, आमच्या मोठ्या बाई, पालक, आणि उन्हात बसलेली माझी सगळी पोरं. तुम्हाला ऊन लागतंय हे मला दिसतंय, त्यामुळं मी भाषण करणार नाही, मी ओळख करून देणार. आता गणिताच्या बाईंना ओळख करून द्यायला का उभं केलं म्हणाल तर त्याला कारण आहे, ते येईलच पुढं.

पाहुण्यांचं पूर्ण नाव पत्रिकेवर छापलंय, सगळ्यांनी वाचलंय. पण मैदानावर त्यांना कुणीच त्या नावानं हाक मारत नाही. सगळे आक्का म्हणतात. पोरी म्हणतात, पोरींच्या आया म्हणतात, सकाळी फिरायला येणारी आजोबा मंडळी पण म्हणतात. त्यामुळं मीही आक्काच म्हणणार. खरं तर मी तिला ए म्हणते, आम्ही एका बाकावर बसलोय, पण आज स्टेजवर अहो-जाहो करायचं असं मला सांगितलंय म्हणून मधेच गडबड झाली तर सांभाळून घ्या.

आधी आज सकाळचं सांगते. आपला कार्यक्रम साडेआठचा. आक्का आल्या सव्वासातला, रिक्षानं, एकट्या. आम्ही गेटवर तुतारी घेऊन उभं राहायच्या आधीच. आणि ऑफिसात चहाला न जाता सरळ ट्रॅकवर गेल्या आणि तिथं मांडलेली हर्डलं बघून आमच्या पीटीच्या सरांना हाक मारली, म्हटल्या सर, सगळी उलटी लावलीत की ओ! तर हो, आपली दहाच्या दहा हर्डलं उलटी होती. हर्डलचे पाय पळणाऱ्याच्या बाजूला पाहिजेत, म्हणजे ठोकर लागली की ते पुढं पडतं आणि आपण वाचतो. पाय पलीकडं असले तर ते पडतच नाही, आपणच पडतो, दात गेला समजा. मग आक्कांनी फेटा बांधायच्या आधी पदर खोचून सहावीच्या चार पोरांना घेऊन दहाही हर्डलं फिरवली. प्रमुख पाहुण्यांना आल्या आल्या कामाला लावणारी शाळा कोल्हापुरात आपलीच असेल. सर, तुमच्यावर नाही हं, आम्हालाही कुणाला माहीत नव्हतं. लक्षात ठेवा ही गोष्ट, 'माहीत नव्हतं' हा शब्द परत येणार आहे.

आता खेळ कुठला ते सांगते. 400 मीटर हर्डल्स. पोरांनो गणित करा तोंडी. सुरुवातीपासून पहिलं हर्डल 45 मीटरवर, मग दर 35 मीटरला एक, अशी एकूण दहा, आणि शेवटच्यापासून फिनिश 40 मीटर. बेरीज किती? ...शाब्बास. 45 अधिक नऊ वेळा 35 अधिक 40. ज्यांनी दहा वेळा 35 केलं त्यांनी उद्या माझ्याकडं यायचं.

मुलींच्या हर्डलची उंची 30 इंच, म्हणजे 76.2 सेंटीमीटर. आम्ही शाळेत असताना शाळेकडं हर्डल हा प्रकारच नव्हता. तर आक्कांच्या वडिलांनी काय केलं, घराच्या बांधकामाच्या उरलेल्या विटा होत्या, आपली वीट साधारण तीन इंची, दहा विटांची चळत दोन्ही बाजूला रचली की बरोबर 30 इंच, आणि त्यावर आडवा ऊस. बांबू नाही, ऊसच, कारण ठोकर लागली तर ऊस नुसता खाली पडतो आणि मोडला तर खाता येतो. त्यांच्या मळ्याच्या कडेला अशी पाच लावलेली असायची. मी तिथं संध्याकाळी जायचे, माझं काम पडलेला ऊस परत ठेवायचं. पडलेल्या उसाचं काय व्हायचं ते आक्का सांगतील. माझे दात अजून चांगले आहेत ते त्यामुळंच.

हे साधारण 1988-89 चं सांगते. त्या काळात मुलींना हा खेळ म्हणजे नवीनच. ऑलिंपिकमध्ये बायकांची 400 मीटर हर्डल्स पहिल्यांदा झाली 1984 ला, लॉस एंजेलिसला, आणि त्या पहिल्याच वेळी आपली पी. टी. उषा फायनलला चौथी आली, सेकंदाच्या शंभराव्या भागानं ब्राँझ गेलं. आक्कांच्या घरी टीव्ही नव्हता. पेपरातला फोटो त्यांनी कापून कंपासपेटीच्या झाकणाला आतून चिकटवला होता, मी रोज बघायचे, कर्कटक काढताना उषाच्या पायाला टोचायचं.

आपल्या कोल्हापूरला खेळाचं वेड काय सांगायला पाहिजे होय? शाहू महाराजांनी खासबाग बांधलं, तिथं कुस्तीला माणूस मावत नाही. फुटबॉलला शाहू स्टेडियममध्ये पेठापेठांचा जो दंगा असतो तो तुमच्यातले निम्मे जण घरी खोटं सांगून बघून येतात, मला माहीत आहे. खाशाबा जाधव आपल्या राजाराम कॉलेजचे, 1952 ला हेलसिंकीला जायला पैसे नव्हते तर प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण टाकून 7000 रुपये उभे केले, आणि खाशाबा ब्राँझ घेऊन आले. मग बरोबर 72 वर्षांनी, 2024 ला पॅरिसला, राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्निल कुसाळे नेमबाजीत ब्राँझ घेऊन आला. राही सरनोबत, तेजस्विनी सावंत, पोहण्यात वीरधवल खाडे, सगळी इथलीच. जगात भारी आपण उगाच म्हणत नाही.

पण खरं सांगू का, ट्रॅकवर पळणाऱ्या पोरीला बघायला आपल्याकडं कोण येतं? मी आक्कांच्या कितीतरी शर्यती बघितल्या, प्रेक्षक म्हणजे मी, त्यांचे वडील आणि थर्मास. कुस्तीत हरलेल्यालाही आपण खांद्यावर घेतो, आणि इथं जिंकलेली पोर केएमटीची वाट बघत एकटी उभी. मला याचा अजून राग आहे, आक्कांना नाही. त्यांना कशाचाच नाही, हाच तर त्रास आहे.

तर आता ती गोष्ट. बारावीचं वर्ष. राज्य स्पर्धेची फायनल, पुण्यात. आक्का सातव्या हर्डलपर्यंत दुसऱ्या नंबरवर. आठव्याला मागचा पाय लागला आणि हर्डल आडवं झालं. आणि आक्का थांबल्या. पडल्या नव्हत्या, लागलं नव्हतं, नुसत्या थांबल्या, आणि ट्रॅकच्या बाहेर चालत आल्या. का? कारण त्यांना वाटलं हर्डल पडलं म्हणजे आपण बाद. आमच्याकडं उसाचा नियम तोच होता ना, ऊस पडला की आऊट! चुकून मागचा पाय लागून हर्डल पडलं तर कुणी बाद होत नाही, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. मलाही माहीत नव्हतं, मी तर कडेला उभी राहून 'जाऊ दे गं' म्हटलं. एक अधिकारी येऊन म्हटले, बाळ, का थांबलीस? तेव्हा कळलं. तोवर बाकीच्या सातजणी पोचून पाणी पीत होत्या.

परतीच्या एसटीत कराडपर्यंत बोलल्या नाहीत. कराडला वडापाव घेतला आणि म्हटल्या, नियमाचं पुस्तक कुठं मिळतं बघ.

पुस्तक मिळालं, इंग्रजी होतं. मी डिक्शनरी घेऊन बसायचे आणि वहीत मराठीत लिहून द्यायचे. बघा, गणिताच्या बाई इथं का उभ्या आहेत ते कळलं का आता. त्याच वहीत आम्ही पावलांचं पण गणित केलं. दोन हर्डलांच्या मधे पावलं विषम पडली तर दर वेळी तोच पाय पुढं येतो, सम पडली की पाय बदलतो. आक्कांचा डावा पाय पुढं, आणि वळणावर डावाच चांगला, लेनच्या आतल्या कडेला चिकटून जाता येतं. शेवटी दमल्यावर 17 ची 18 पावलं व्हायची आणि उजवा पाय पुढं यायचा, आठव्याला झालं होतं ते हेच. मग वर्षभर उजव्या पायानं सराव. ऊस लई खाल्ला त्या वर्षी.

त्यानंतर राज्याची तीन मेडलं, शिवाजी विद्यापीठाकडून आंतरविद्यापीठ स्पर्धा चार वर्षं, एकदा कॅप्टन. शिबिरात पुण्या-मुंबईच्या पोरी हसायच्या, कारण आम्ही कोल्हापूरच्या बायका 'मी येतो, मी जातो' म्हणतो. आक्का म्हणायच्या, हसा, मी पुढं जातो. मग खेळाडू कोट्यातून पोस्टात नोकरी, लग्न, दोन मुलं, गुडघ्याचं ऑपरेशन. मेडलांची पूर्ण यादी माझ्याकडं आहे पण वाचायची नाही अशी मला काल रात्री फोनवर ताकीद मिळालीय.

गेली चौदा वर्षं आक्का रोज पहाटे साडेपाचला मैदानावर असतात. फी नाही. एकच अट, पहिले तीन दिवस पळायचं नाही, वही आणायची आणि नियम लिहून घ्यायचे. पहिल्या पानावर पहिलं वाक्य काय असतं? हर्डल पडलं तर थांबायचं नाही, आपण बाद नाही. आपल्या शाळेतल्या पाच पोरी तिथं जातात, त्या उभ्या राहतील का? ...या बघा. यातली एकजण गणितात कच्ची आहे पण 17 पावलं बरोबर मोजते.

आता स्वागत. आक्कांना बुके नको होता, म्हटल्या दोन तासात वाळतो. म्हणून आपण कोल्हापुरी फेटा, श्रीफळ आणि गुळाची छोटी ढेप देतोय, गूळ आपल्याच एका पालकांच्या गुऱ्हाळातला, परवाच्या काहिलीतला. मोठ्या बाईंना विनंती की त्यांनी आक्कांचा सत्कार करावा. फेटा बांधायला आमच्या शिपाईमामांशिवाय कुणाला येत नाही, मामा या पुढं, लाजू नका.

टाळ्या जोरात! लाल हाऊस झोपलाय काय?

आक्का, या. क्रीडाज्योत तुमच्या हातानं पेटेल आणि तुम्ही स्पर्धा सुरू झाल्याचं सांगाल. भाषण करणार नाही म्हटलंय त्यांनी, चार वाक्यं बोलणार आहेत, तेवढी नीट ऐका. माईक धर गं... धरा.

आणि नववी-दहावीच्या हर्डल्सवाल्या मुलींनी ज्योत झाली की लगेच दोन नंबरच्या गेटजवळ यायचं, बुटाच्या नाड्या बांधून. हर्डलं आता सरळ आहेत.