‘आजी बाराखडी शिकली’ हे वाक्य बरोबर आहे

प्रिय अन्वी,

तुझं पहिलं वाक्य बरोबर होतं: ‘माझी आजी पासष्टाव्या वर्षी बाराखडी शिकली.’ तेच ठेव.

वहीत तू त्यावर व्हाइटनर लावून ‘माझ्या आजीने बाराखडी शिकली’ असं केलंस आणि समासात पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहिलंस, ‘मॅडम, दादा म्हणतो ने पाहिजे. कोणतं बरोबर?’ पान उजेडाकडे धरलं की खालचं मूळ वाक्य अजून वाचता येतं. मी आधी तेच वाचलं आणि त्यालाच बरोबरची खूण केली. व्हाइटनर खरवडू नकोस, पान फाटेल. खालच्या ओळीत पुन्हा लिही.

आता कारण. नुसतं ‘बरोबर’ लिहून वही परत केली असती, तर घरी दादाने तुला पुन्हा अडवलं असतं.

दादाचं म्हणणं अगदीच चुकीचं नाही. त्याचा हिशोब असा असणार: आजीने पोथी वाचली, आजीने पत्र लिहिलं, आजीने भाकरी केली. क्रियापद सकर्मक, काळ भूतकाळ, म्हणून कर्त्याला ‘ने’. मग ‘शिकली’लाही बाराखडी हे कर्म आहेच की! आणि खरं सांगू, गेल्या आठवड्यात फळ्यावर हा नियम मीच लिहिला होता, ‘सकर्मक + भूतकाळ = ने’, आणि त्याखाली दोन रेघा ओढल्या होत्या. तो नियम बहुतेक क्रियापदांना लागतो, पण सगळ्यांना नाही, हे त्या दिवशी सांगायचं राहून गेलं. तास संपल्याची घंटा झाली, हे काही कारण नव्हे. तेव्हा तुमच्या घरच्या भांडणात थोडा दोष माझाही आहे.

मराठीत थोडी क्रियापदं अशी आहेत की त्यांना कर्म असलं तरी भूतकाळात कर्त्याला ‘ने’ लागत नाही, आणि क्रियापद कर्त्याच्याच मागे चालतं. शिकणे त्यातलंच. विसरणे, बोलणे, भेटणे, खेळणे, नेसणे हीसुद्धा. आजी चष्मा विसरली. ती खरं बोलली. मुलगी मावशीला भेटली. मुलं कबड्डी खेळली. यातल्या एकाही वाक्यात तू चुकूनही ‘ने’ म्हणणार नाहीस. ‘आजीने चष्मा विसरला’ हे नुसतं मोठ्याने म्हणून बघ. कानाला खडा लागतो.

मला यातलं नेसणे सर्वांत आवडतं. ‘आई शालू नेसली.’ शालू पुल्लिंगी आहे, तरी क्रियापद ‘नेसला’ होत नाही, आईप्रमाणे ‘नेसली’ होतं. पण त्याच आईने ड्रेस घातला, की लगेच ‘आईने ड्रेस घातला’: ‘ने’ आला आणि क्रियापद ड्रेसच्या मागे गेलं. अंगावर कपडा चढवणं दोन्हीकडे तेच, व्याकरण मात्र वेगळं. म्हणजे ‘ने’ येणार की नाही, हे वाक्यात कर्म आहे की नाही एवढ्यावर ठरत नाही. कोणतं क्रियापद आहे, त्यावर ठरतं.

तुझ्या वाक्यात गोंधळ व्हायला आणखी एक कारण आहे, आणि ते गमतीचं आहे. आजी स्त्रीलिंगी, बाराखडीही स्त्रीलिंगी. त्यामुळे ‘शिकली’ हे रूप नेमकं कोणामुळे आलं, ते वरून दिसतच नाही. दादाला वाटलं बाराखडीमुळे. मग दोघींपैकी एकीला बाजूला कर. आजीच्या जागी आजोबा आण: ‘आजोबा बाराखडी शिकले.’ बाराखडी तिथेच आहे, पण क्रियापद बदललं. किंवा आजी राहू दे आणि बाराखडीच्या जागी आकडे ठेव: ‘आजी आकडे शिकली.’ आता कर्म बदललं, तरी क्रियापद हललं नाही. म्हणजे ते आजीचंच होतं. हेच ‘गिरवणे’ घेऊन केलंस तर उलट होतं: आजीने बाराखडी गिरवली, आजीने आकडे गिरवले. दादाला विचार, ‘आजोबांनी बाराखडी शिकली’ असं तो कधी म्हणेल का?

‘मी’ या शब्दात हे सगळं लपून बसतं, कारण मी, तू, आम्ही, तुम्ही यांना आपण ‘ने’ लावतच नाही. पण तिथेही एक खूण आहे. मुलगा आणि मुलगी दोघांकडून वाक्य म्हणवून घ्यायचं. ‘मी पोळी खाल्ली’ हे दादाही म्हणेल, तूही म्हणशील, काही फरक नाही. ‘शिकणे’ला मात्र दादा ‘मी शिकलो’ म्हणेल आणि तू ‘मी शिकले’. दोघांची रूपं वेगळी झाली, तर क्रियापद कर्त्याच्या ताब्यात आहे.

आणि यातला सर्वांत चांगला पुरावा तुझ्याच निबंधात, दुसऱ्या पानावर आहे. तुझ्या लक्षात आलं की नाही कोण जाणे. आजी पाटी पुढे करून म्हणते, असं तू लिहिलंयस:

‘पाय, म्या माह्यं नाव लिवलं. आता मी बी शिकली.’

तिने लिहिलं तेव्हा ‘म्या’ म्हटलं आणि शिकली तेव्हा ‘मी’. हा ‘म्या’ म्हणजे ‘मी’चंच तृतीयेचं रूप. जुन्या मराठीत ‘म्यां’ असा सर्रास सापडतो. पुस्तकातल्या मराठीने ते टाकून दिलं आणि दोन्हीकडे ‘मी’च ठेवला, म्हणून आपल्याला वरच्यासारख्या खुणा शोधत बसावं लागतं. तुझ्या आजीला लागत नाही. जी बाई पासष्टाव्या वर्षापर्यंत अक्षर ओळखत नव्हती, तिने सलग दोन वाक्यांत कर्तरी आणि कर्मणी प्रयोग अचूक वेगळे ठेवले. दादाला हे वाक्य वाचून दाखव.

आजीचं हे बोलणं सुधारायला जाऊ नकोस. ‘मी बी शिकली’ हे आपल्या वऱ्हाडातलं बोलणं आहे आणि ते अवतरणात आहे, तसंच राहू दे. तुझ्या स्वतःच्या वाक्यात मात्र ‘मी शिकले’ लिही. पहिल्या पानावर एका ठिकाणी ‘मी घाबरली’ असं आलंय, ते ‘मी घाबरले’ कर.

दादाच्या डोक्यात ‘आजीने’ आणि ‘शिकणे’ एकत्र कुठून आले असावेत, याचाही विचार केला. ‘आजीने लिहायला शिकावं असं मला वाटायचं’ हे तुझंच वाक्य आहे आणि तेही बरोबर आहे. पण तिथला ‘ने’ वेगळ्या कारणाने आलाय. क्रियापदाला ‘-आवं’ लागून इच्छा किंवा कर्तव्य सांगितलं की कर्त्याला ‘ने’ येतो, मग क्रियापद अकर्मक का असेना: आजीने यावं, आजीने बसावं. त्याच आजीला भूतकाळात ‘आजी आली’, ‘आजी बसली’. दुसरं एक तुझं वाक्य, ‘मी तिला बाराखडी शिकवली’, तेही बरोबर. शिकवणे हे नेहमीसारखं सकर्मक क्रियापद आहे. तिथे ‘मी’ऐवजी ‘नातीने’ ठेवून बघ, ‘ने’ आपोआप येतो. आजी शिकली, नातीने शिकवली. एका ‘व’ने केवढा फरक पडला!

शिकणे, विसरणे ही क्रियापदं अशी वेगळी का वागतात, असं तू उद्या विचारशीलच. मी स्वतः असं लक्षात ठेवते: आजीने भाकरी केली तर भाकरी तयार झाली, पत्र लिहिलं तर कागदावर काहीतरी आलं. पण आजी बाराखडी शिकली तेव्हा बाराखडी होती तशीच राहिली, जे काही झालं ते आजीचं झालं. विसरण्याचंही तसंच. फक्त ही माझी आठवणीची खूण आहे, नियम नव्हे. ‘आजीने कीर्तन ऐकलं’ यात कीर्तनाला तरी काय झालं? तरीही तिथे ‘ने’ आहेच. शेवटी ही क्रियापदं कानानेच ओळखावी लागतात, आणि तुझा कान चांगला आहे. व्हाइटनर लावण्याआधी त्याचंच ऐकलं होतंस.

काही क्रियापदं दोन्ही डगरींवर हात ठेवतात, तीही सांगून ठेवते, म्हणजे दादाने पुढे केली तर गोंधळू नकोस. कुत्रा पोस्टमनला चावला, पण पोस्टमनने ऊस चावला. तो ‘येतो’ म्हणाला, पण त्याने प्रार्थना म्हटली. जिंकणेचं तर विचारूच नकोस. ‘भारताने 1983 साली विश्वचषक जिंकला’ असं आपण लिहितो, आणि गल्लीतला सामना संपल्यावर पोरं ओरडत येतात, ‘आम्ही मॅच जिंकलो!’ दोन्ही चालतं. त्यावर वाद घालू नका.

राहिलं शुद्धलेखन. ‘पासष्टाव्या’ बरोबर लिहिलंस, बऱ्याच जणांचा त्यातला ‘ष्ट’ चुकतो. ‘शिकली’त शि ऱ्हस्व, ली दीर्घ, तेही बरोबर. ‘बाराखडी’ एकच शब्द, मध्ये जागा सोडू नकोस. दुसऱ्या पानावर ती सुटली आहे.

27 फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिनाच्या कार्यक्रमात हा निबंध तूच वाचायचा आहेस, मी तुझं नाव दिलं आहे. वाचताना आजीचं ‘म्या’ नीट ऐकू येऊ दे. कोणी हसलं तर हसू दे, पुढे वाचत राहा. नक्कल केलेलं पान शुक्रवारपर्यंत आणून दे. शेवटचा परिच्छेद मात्र घाईत उरकलास. आजीने नावातलं कोणतं अक्षर आधी लिहिलं, ते तिला विचार आणि तिथे घाल.

तुझ्या मराठीच्या मॅडम

ता. क. फळ्यावरच्या नियमात ‘बहुतेक’ हा शब्द मी उद्याच्या तासाला घालणार आहे. सगळ्यांना सांगायला तुझं वाक्य घेऊ का? नको असेल तर सांग, मग आईच्या शालूवर भागवेन.