दात्याच्या कुटुंबीयांना पत्र

आदरणीय कुटुंबीय,
सविनय नमस्कार.

तुमच्या घरात कोण कोण आहे हे मला माहीत नाही, म्हणून सगळ्यांना एकत्रच नमस्कार करते. नियमाप्रमाणे मी माझं नाव-गाव लिहू शकत नाही आणि तुमचंही मला कुणी सांगितलेलं नाही. हे पत्र कोऑर्डिनेटर मॅडमकडे देते आहे, त्या ते तुमच्यापर्यंत पोहोचवतील. गेल्या वर्षी गणपतीच्या दिवसांत तुमच्या माणसाची एक किडनी मला मिळाली. ती कशी आहे, हे तुम्हाला कळायला हवं असं मला फार दिवसांपासून वाटतंय.

ती चांगली आहे. आधी एवढंच सांगते, बाकीचं सावकाश.

मी शिलाईकाम करते. घरी नवरा, सासूबाई आणि यंदा दहावीला असलेली मुलगी. माझ्या दोन्ही किडन्या आयजीए नेफ्रोपथी नावाच्या आजारानं गेल्या. आई द्यायला तयार होती, पण तिला मधुमेह. नवऱ्याचा रक्तगट जुळला नाही. म्हणून नाव प्रतीक्षा यादीत घातलं आणि डायलिसिस सुरू झालं, आठवड्यातून तीनदा, चार-चार तास. मशीनवरून उतरलं की उरलेला दिवस अंथरुणातच जायचा.

पण सगळ्यात जास्त त्रास पाण्याचा झाला. लघवी जवळजवळ बंद झालेली, त्यामुळे दिवसाला पाऊण लिटरच्या वर काही चालत नसे आणि त्यात चहा, आमटी, ताक सगळं धरायचं. उन्हाळ्यात मी चूळ भरून पाणी टाकून द्यायची आणि बर्फाचा खडा जिभेवर ठेवून बसायची. नारळपाणी, केळी, टोमॅटो बंद. बटाटासुद्धा चिरून, उकळून, ते पाणी फेकून मग फोडणीला. मुलगी माझ्यासमोर पाणी पीत नसे, आत जाऊन प्यायची. ते मला फार लागायचं.

फोन आला तो मध्यरात्री. काही खाऊ-पिऊ नका, लगेच निघा, असं सांगितलं. यादीतल्या इतरांनाही बोलावलं होतं, क्रॉसमॅच ज्याचं जुळेल त्याला. पहाटे कळलं की माझं जुळलं. नवरा रडायला लागला. मला आनंद झाला, तो मी तुमच्यापासून लपवत नाही, आणि त्याच क्षणी पोटात कालवलं. आमच्याकडे सगळे देवाचे आभार मानत होते, तेव्हा कुठल्या तरी दुसऱ्या हॉस्पिटलच्या व्हरांड्यात तुम्ही उभे असाल, हे मला पक्कं माहीत होतं.

ब्रेनडेड म्हणजे काय ते नंतर मी विचारून समजून घेतलं. डॉक्टरांचं पथक किमान सहा तासांच्या अंतरानं दोनदा सगळ्या तपासण्या करतं, व्हेंटिलेटर काढून स्वतःहून श्वास येतो का तेही पाहतं. आणि एवढं होऊनही मशीनवर छाती हलत असते, अंग कोमट असतं, मॉनिटरवर ठोके दिसत असतात. तशा अवस्थेत कुणीतरी येऊन तुम्हाला अवयवदानाबद्दल विचारलं आणि तुम्ही हो म्हणालात. मी माझ्या मुलीला त्या जागी ठेवून बघायचा प्रयत्न केला. माझ्यानं पुढचा विचारसुद्धा झाला नाही. तुम्ही तर सही केलीत. मी आभार कशाचे मानते आहे, तर त्या सहीचे.

ऑपरेशननंतर किडनी लगेच चालली नाही. डॉक्टर म्हणाले, झोपलीय, कधी कधी वेळ घेते. मधे पुन्हा डायलिसिस करावं लागलं. मग एका सकाळी सिस्टर पिशवी मोजायला वाकल्या आणि हसल्या. लघवी उतरायला लागली होती. दुपारपर्यंत पिशवी भरली. काचेपलीकडून सासूबाईंनी त्या पिशवीकडे बघून हात जोडले. किडनी नीट चालत नसली की रक्तात वाढतं ते क्रिएटिनिन, नऊच्या घरातलं, पुढच्या काही आठवड्यांत सव्वावर आलं आणि आता ते त्याच्याच आसपास असतं.

माझ्या जुन्या किडन्या आहेत तिथेच आहेत, त्या काढत नाहीत. तुमच्या माणसाची किडनी पोटात उजवीकडे खाली, कमरेच्या हाडाजवळ बसवली आहे. हात ठेवला तर जाणवते. तिच्यावर दाब येऊ नये म्हणून मी आता परकराची नाडी वर आणि सैल बांधते.

सकाळी नऊ आणि रात्री नऊ, टॅक्रोलिमसची वेळ मी चुकवत नाही. शरीरानं परकी वस्तू म्हणून किडनीवर हल्ला करू नये यासाठीची ही गोळी, ती आयुष्यभर घ्यायची. तिनं सुरुवातीला हात इतके थरथरायचे की सुईत दोरा ओवता येत नसे. मुलगी शाळेत जाण्याआधी पाच-सहा सुया ओवून ठेवायची. डोस कमी झाला तशी थरथरही कमी झाली. दिवाळीपासून मी पुन्हा ब्लाऊज शिवायला घेतले, आता हेमिंगही माझं मीच करते.

एकदा मोठी भीती वाटली. चौथ्या महिन्यात क्रिएटिनिन अचानक दोनच्या वर गेलं. बायोप्सीत रिजेक्शनची, म्हणजे शरीर किडनी नाकारत असल्याची, सुरुवात दिसली. तीन दिवस स्टिरॉइडची इंजेक्शनं दिली आणि ते खाली आलं. त्या रात्री माझ्या मनात स्वतःपेक्षा तुम्हीच जास्त होता. तुम्ही विश्वासानं दिलेली ठेव माझ्याकडून जाते की काय, हेच डोक्यात फिरत होतं. आता दर तपासणीचा कागद हातात आला की आधी तोच आकडा बघते.

आणि पाणी! डॉक्टरांनी दिवसाला तीन लिटर प्यायला सांगितलंय. उकळून गार केलेलं पाणी तांब्यात भरून शिलाई मशीनशेजारी ठेवते आणि पोटभर पिते. मुलगी आता माझ्यासमोर पाणी पिते.

तुमच्या घरात जी जागा रिकामी झाली, ती माझ्या बरं होण्यानं भरत नाही, हे मला कळतं. म्हणून 'दुःख करू नका' असं मी म्हणणार नाही. तुमचा धर्म, तुमच्या चालीरीती मला ठाऊक नाहीत. ज्यांची तिथी माहीत नसते त्यांच्यासाठी आमच्याकडे सर्वपित्री अमावास्येला पान वाढतात. गेल्या वर्षी मी हॉस्पिटलमध्ये होते, तर सासूबाईंनी तुमच्या माणसासाठी एक पान वाढलं. यंदा मी स्वतः रांधून वाढलं. तुम्हाला हे चालणार नसेल तर मला क्षमा करा.

नवऱ्यानं आणि माझ्या भावानं अवयवदानाचे फॉर्म भरलेत. शेवटी निर्णय घरच्यांच्याच हातात असतो, हे तुमच्यामुळे कळलं, म्हणून दोघांनी ते घरात सगळ्यांसमोर सांगूनही ठेवलंय.

या पत्राला उत्तर द्यायलाच हवं असं नाही. पण कधी वाटलं, तुमच्या माणसाबद्दल काही सांगावंसं वाटलं, काय आवडायचं, काय काम करायचं, काहीही, तर कोऑर्डिनेटर मॅडमकडे द्या. आम्ही सगळे मिळून वाचू. आणि नाहीच वाटलं, तरी वर्षातून एकदा मी तब्येत कळवत जाईन. नको असेल तर तसा निरोप त्यांच्याकडे ठेवा, मी थांबेन.

घरातल्या मोठ्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद.

कळावे,
आपली ऋणी,
किडनी मिळालेली एक बहीण