ठाणे ते कुडाळ, दिवसाची गाडी, एसी चेअर कार: पावसाळ्यातला प्रवास

आधी निकाल सांगते. गाडी कुडाळला 2 तास 40 मिनिटं उशिरा पोचली, खेडनंतर आमच्या डब्याचा एसी बंद पडला, पॅन्ट्रीचं जेवण टाकून दिलं. आणि तरीही टीसीला पैकीच्या पैकी गुण. गाडीचं नाव लिहीत नाही, कारण यातलं बरंचसं या मार्गावरच्या कुठल्याही दिवसाच्या गाडीत वाट्याला येऊ शकतं. श्रावणातला शुक्रवार होता, सोबत आई होती, तिचे गुडघे दुखतात. हे ध्यानात घेऊन पुढचं वाचा.

ठाण्याहून गाडी वीस मिनिटं उशिरा सुटली. एवढ्याशा उशिराचं आपण मनावर घेत नाही, पण कोकणच्या मार्गावर घ्यायला हवं. रोहा ते वीर हा टप्पा 2021 मध्ये दुहेरी झाला, पुढे मात्र एकेरी मार्ग. वेळेवर धावणाऱ्या गाडीला क्रॉसिंग, म्हणजे समोरच्या गाडीला वाट देण्याचा थांबा, ठरल्या जागी मिळतं. एकदा वेळ चुकली की समोरून येणारी प्रत्येक गाडी आधी सोडायची की आपली, हे रेल्वेचा नियंत्रण कक्ष ठरवतो, आणि उशिराच्या गाडीला बहुधा बाजूला उभं राहावं लागतं. आम्ही करंजाडीला थांबलो, मग दिवाणखवटीला थांबलो. पलीकडच्या रांगेतले एक आजोबा खिडकीला नाक लावून बसले होते. "आता खंय थांबली ही?" म्हणून कुणीतरी विचारलं तर म्हणाले, "समोरची इल्याशिवाय ही सुटाची नाय. बसा गप." त्यात पावसाळी वेळापत्रक. या दिवसांत गाड्यांचा वेग आधीच कमी ठेवलेला असतो आणि धो धो पाऊस लागून पुढचं दिसेनासं झालं तर ताशी 40 किलोमीटरवर आणतात. दरडीच्या जागी गाडी सावकाश गेली याबद्दल माझी काही तक्रार नाही. तक्रार ही की पाऊण तास उभ्या गाडीत एकही घोषणा नाही. डब्यात स्पीकर आहेत, त्यातून पुढच्या स्टेशनचं नावही चुकीचं येत होतं.

आता जागा. चेअर कारमध्ये एका बाजूला तीन, दुसऱ्या बाजूला दोन खुर्च्या. वयस्कर माणूस सोबत असेल तर दोनच्या बाजूची जागा घ्या, म्हणजे स्वच्छतागृहाला जाताना दोघांना उठवावं लागत नाही. पाय पसरायला जागा ठीक, पाठ मागे जाते, माझ्या खुर्चीची मात्र मागे गेल्यावर परत येत नव्हती. खिडकीची जागा मिळाली म्हणून फार खूश होऊ नका: काही ओळींत खिडकीऐवजी दोन खिडक्यांमधला पत्रा वाट्याला येतो. आणि समुद्र दिसेल म्हणून उजवी बाजू मागणाऱ्यांनो, महाराष्ट्राच्या टप्प्यात समुद्र जवळजवळ दिसतच नाही. दिसतात त्या नद्या, भातखाचरं आणि बोगद्यांचा अंधार. श्रावणात तेवढं पुष्कळ आहे.

एसीचं सांगते. खेड सुटल्यावर वाऱ्याचा आवाज बंद झाला. पंधरा मिनिटांत काचा आतून धुरकट. एसी डब्याच्या खिडक्या उघडत नाहीत हे आपल्याला माहीत असतं, पण ते अंगावर आल्याशिवाय कळत नाही. उक्षीनंतर करबुड्याचा बोगदा लागतो, साडेसहा किलोमीटरचा. एरवी मुलं ओरडतात, मोबाइलचे दिवे लावतात. त्या दिवशी सगळा डबा वर्तमानपत्राने आणि तिकिटाच्या प्रिंटने वारा घेत होता आणि मागच्या रांगेतलं बाळ रडून रडून लाल झालं होतं. बोगदा संपेपर्यंत आईने पदराने मान पुसणं थांबवलं नाही.

मधल्या वेळात दोघातिघांनी मोबाइलवरून तक्रार टाकली. एकाला लगेच फोन आला, सीट नंबर विचारला. दुसऱ्याला थोड्या वेळाने मेसेज आला की आपल्या तक्रारीचं निवारण झालं आहे. तो मेसेज त्याने घामाने ओल्या बोटांनी सगळ्यांना दाखवला.

खरं काम टीसीने केलं. पहिल्या हाकेला आला, उडवाउडवी केली नाही. "मेकॅनिक रत्नागिरीला चढेल, त्याआधी माझ्या हातात काही नाही, पण बाजूच्या डब्यात जागा बघतो," असं सरळ सांगितलं. आधी बाळ आणि त्याची आई, मग वयस्कर मंडळी, अशी त्याने माणसं हलवली. आईला म्हणाला, "काकू, सामान राहू द्या, तुम्ही चला." एका तरुणाने आवाज चढवला तेव्हाही टीसीने आवाज चढवला नाही. रत्नागिरीला मेकॅनिक खरोखरच आला, राजापूर रोडच्या आधी थंडावा सुरू झाला.

आणखी एक, जे त्यानेच सांगितलं आणि फार कमी लोक करतात. एसी बंद राहिला तर तेवढ्या अंतराचा भाड्यातला फरक परत मिळतो. त्यासाठी टीसीकडून गाडीतच दाखला लिहून घ्यायचा आणि ऑनलाइन तिकीट असेल तर उतरण्याच्या स्टेशनवर गाडी पोचल्यापासून 20 तासांच्या आत टीडीआर, म्हणजे परताव्याचा ऑनलाइन अर्ज, भरायचा. नंतर दाखला मागत फिरण्यात अर्थ नाही. उशिराचे पैसे मात्र असे मिळत नाहीत. चढण्याच्या स्टेशनवर गाडी तीन तासांहून जास्त उशिरा असेल आणि तुम्ही प्रवासच केला नाही तर पूर्ण परतावा, तोही गाडी सुटण्याआधी टीडीआर भरला तर.

खाण्याबद्दल फार लिहावंसं वाटत नाही. थाळीतला भात गोळा झालेला, डाळ म्हणजे हळदीचं पाणी, पोळ्या चामड्यासारख्या. वेटरने 120 रुपये मागितले. साध्या शाकाहारी थाळीचा गाडीतला दर 80 रुपये आहे. बिल मागितलं तर "मशिन बंद आहे". बिल नाही तर जेवण फुकट, हा रेल्वेचाच नियम आहे, तो म्हणून दाखवल्यावर मशिन चालू झालं आणि 80 चं बिल आलं. भांडायची हौस नसेल तर घरून दशम्या घ्या, उरलेली भूक चिपळूणच्या फलाटावरच्या वडापाववर भागवा. चहा बरा होता, पाणी सावर्ड्यापर्यंत संपलं होतं.

स्वच्छतागृह सकाळी स्वच्छ, रत्नागिरीनंतर नाक धरून जायचं. सफाईवाला एकदाच दिसला.

कुडाळला उतरलो तेव्हा साडेआठ वाजून गेले होते. गावाकडची शेवटची एसटी गेलेली. स्टेशनबाहेर रिक्षा असतात, पण गाडी उशिरा आली की भाडंही चढतं, म्हणून कणकवली सुटली की घरच्यांना फोन करून ओळखीची रिक्षा बोलावून ठेवा. आम्ही तेच केलं. पावसाळ्यात याच गाडीने पुढची एसटी किंवा संध्याकाळचं लग्न गाठायचा बेत मात्र करू नका.

परतीचं तिकीट आईने सेकंड सिटिंगचं काढायला लावलंय. तिचं म्हणणं, खुर्ची टणक असली तरी खिडकी उघडते.