विषय: रेझ्युमेतील चाकणच्या नोकरीची तारीख आणि पद

नमस्कार स्नेहा मॅडम,

आपला मेल मिळाला. दोन्ही प्रश्न चाकणच्या एकाच नोकरीबद्दल आहेत, म्हणून उत्तरही एकत्रच देतो.

रेझ्युमेवर रुजू झाल्याची तारीख जून 2021 आहे आणि पीएफच्या नोंदीत त्या कंपनीचं नाव जानेवारी 2022 पासून दिसतं. दोन्ही बरोबर आहेत. 7 जून 2021 पासून मी त्याच प्लांटमध्ये, त्याच लाइनवर काम करत होतो, पण पहिले सात महिने पगार मनुष्यबळ पुरवणाऱ्या एजन्सीकडून होत असे. 3 जानेवारी 2022 ला कंपनीने मला स्वतःच्या रोलवर घेतलं. यूएएन एकच असल्यामुळे सर्व्हिस हिस्टरीत दोन्ही आस्थापना एकापाठोपाठ दिसतील. मधे खंड नाही.

पदाचं म्हणाल तर नेमणूकपत्रावर ‘सीनियर असोसिएट’ आहे. त्या कंपनीत स्टोअरपासून अकाउंट्सपर्यंत निम्मे लोक सीनियर असोसिएटच होते, त्यावरून कामाचा काहीच बोध होत नाही. माझं काम पुरवठादारांकडून येणाऱ्या सुट्या भागांच्या तपासणीचं होतं, म्हणून रेझ्युमेवर ‘क्वालिटी इंजिनिअर’ लिहिलं. बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनच्या फॉर्ममध्ये मात्र नेमणूकपत्रावरचंच पद घ्यावं, एचआर तेच सांगेल.

एजन्सीचं आणि कंपनीचं नेमणूकपत्र, रिलिव्हिंग लेटर आणि सर्व्हिस हिस्टरी सोबत जोडली आहे. दोन्ही टप्पे वेगळे दाखवलेला रेझ्युमेही आहे, पॅनेलकडे तोच पाठवावा.

या आठवड्यात माझी पहिली शिफ्ट आहे. दुपारी चारनंतर कधीही फोन करा.

आपला,
अमोल